ग्रॅनाइट फरशीच्या कडा काळ्या पडल्यात, काही ठिकाणी पोकळ वाजतंय, मिस्त्री म्हणतो पॉलिश मारली की जाईल. थांबू की करून घेऊ?

पायवाट:
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा प्लीज. हॉलमधे फिकट राखाडी ग्रॅनाइट टाकलंय, हॉल 6 मीटर बाय 3.6 मीटर, फरशी 1200 बाय 600 ची 18 मिमी जाड, म्हणजे बरोबर 30 फरशा बसल्या. टाकून आज 19 दिवस झाले. सांधे अजून भरलेले नाहीत. प्रॉब्लेम तीन आहेत. एक, जवळजवळ सगळ्या फरशांच्या कडेने बोटभर रुंदीचा काळपट पट्टा दिसतोय, मधला भाग कोरडा फिकट आणि कडा ओल्या असल्यासारख्या, फोटोची चौकट असावी तसं. दोन, काठीने ठोकलं तर काही फरशा ढबढब वाजतात. तीन, काचेच्या मोठ्या दारापाशी एक कड अशी वर आलीये की अनवाणी चाललं की खटका लागतो. मिस्त्री म्हणतोय सोमवारी पॉलिशचं मशीन आणतो, मशीन फिरलं की डाग पण जातील आणि कड पण सपाट होईल. मला त्याच्यावर अविश्वास दाखवायचा नाहीये पण एकदा मशीन फिरलं की मागे जाता येणार नाही असं वाटतंय. काय करू?

कोबा_आणि_काच:
पॉलिश करून घ्या बिनधास्त. आमच्याकडे असंच झालेलं, ऑक्झॅलिक पावडर टाकून मशीन फिरवलं, आरसा झाला अगदी. आणि सांध्यांचं म्हणाल तर सांधा ठेवायलाच नको होता, फरशीला फरशी चिकटवून पेपर जॉइंट करायचा, म्हणजे आत पाणी जात नाही आणि कडा काळ्या पडत नाहीत. मिस्त्रीने सांधे मोकळे ठेवले तिथेच चूक झाली.

मधुमालती:
माझ्या ओट्याच्या काळ्या ग्रॅनाइटवर पण असाच डाग आहे पण तो तेलाचा आहे. खायचा सोडा पाण्यात कालवून लेप लावून वरून प्लास्टिक लावून ठेवलं होतं एक दिवस, बराच गेला. तुम्ही पण करून बघा पायवाट, एका कोपऱ्यात आधी.

पायवाट:
मधुमालतीताई धन्यवाद पण हा तेलाचा नाहीये, सगळ्या फरशांच्या कडेने एकसारखा आहे, एवढं तेल कोण सांडणार. कोबा_आणि_काच, तुमची फरशी ग्रॅनाइटची होती का मार्बल?

कोबा_आणि_काच:
मार्बल. पण दगड तो दगड, पॉलिश सारखंच असतं की.

थापीवाला:
सारखं नसतं दादा. तीस वर्षं हेच काम करतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो, राग मानू नका.

मार्बल म्हणजे चुनखडीच्या जातीचा दगड, त्याच्यावर ऑक्झॅलिक टाकलं की दगडाच्या वरच्या थराशी त्याची क्रिया होते आणि मशीनखाली तो थर चकाकतो. ग्रॅनाइटमधे चुनखडी नाही, त्यात गारगोटी, फेल्स्पार आणि अभ्रक. ऑक्झॅलिक त्याला पॉलिश करत नाही, फार तर मळ काढेल. ग्रॅनाइटची चमक फक्त घासूनच येते, एकापेक्षा एक बारीक डायमंड पॅडने. आणि तुमचा दगड बाजारातून आला तेव्हाच फॅक्टरीत पॉलिश होऊन आला असणार ना? मग जागेवर मशीन फिरवलं की पहिलं काम काय होणार, तर ती फॅक्टरीची चमक जाणार. तीच पुन्हा आणायला घरात मशीनने दहापट कष्ट, कारण फॅक्टरीत मशीनचा जो दाब असतो तो इथे मिळत नाही.

आता काळ्या कडा. तो डाग नाहीये, ते पाणी आहे. खालच्या मालातलं पाणी वर यायला दोन रस्ते, एक दगडातून आणि दुसरा सांध्यातून. सांधा मोकळा आहे म्हणून सगळं पाणी तिकडे ओढलं जातंय आणि जाता जाता कडेच्या दगडात शिरतंय. फिकट दगडात हे दिसतं, काळ्या दगडात पण होतं पण दिसत नाही. म्हणजे सांधा मोकळा ठेवून मिस्त्रीने चूक नाही केली, उलट पाण्याला बाहेर पडायला वाट दिली. सांधा आज बुजवला तर ते पाणी आतच राहील आणि पट्टा महिनोन् महिने जाणार नाही.

एक सांगा, माल किती जाड घातला होता आणि घट्ट होता का पातळ?

पायवाट:
साधारण 40 मिमी, कारण एका बाजूला स्लॅब खाली होता तिथे 50 पर्यंत. माल बऱ्यापैकी ओला होता, मी बघत होतो, थापीने पसरवला तर सरकत होता. मिस्त्री म्हणाला ओला असला की फरशी चांगली बसते.

थापीवाला:
झालं, इथेच सापडलं. फरशीखालचा माल हा ओलसर लागतो, ओला नाही. मूठभर हातात घ्या, दाबा, लाडू झाला पाहिजे आणि हाताला पाणी लागता कामा नये, लाडू टाकला की फुटला पाहिजे. एकास चार किंवा एकास पाच, जाडसर रेतीत. तो पट्टीने लेव्हलला आणायचा, वर फरशी कोरडीच ठेवून रबरी हातोड्याने ठोकायची, मग फरशी पुन्हा उचलायची. हे उचलणं कोणी करत नाही आजकाल. उचलल्यावर मालावर फरशीचा ठसा दिसतो, जिथे ठसा नाही तिथे खड्डा, तिथे मूठभर माल टाकायचा, पुन्हा ठेवून पुन्हा ठोकायची. ठसा पूर्ण आला की मग मालावर सिमेंटची स्लरी मधासारखी घट्ट ओतायची, फरशीच्या पाठीला पण ब्रशने लावायची आणि शेवटचं बसवायचं. ओल्या मालात हे करताच येत नाही, फरशी उचलली की माल पाठीला चिकटून येतो, म्हणून मग कोणी उचलतच नाही आणि खाली काय झालंय ते कळत नाही.

अजून एक म्हणजे ओला माल वाळताना आटतो, खाली बसतो, फरशी मात्र शेजारच्या फरशांच्या आधाराने वरच राहते. मधे कागदाएवढी फट पडते आणि तेच ढबढब वाजतं.

रेघ_आणि_ओळंबा:
थापीवाला काकांशी सहमत, मी साइट इंजिनिअर आहे, एक भर घालते. किती दिवस थांबायचं याचा अंदाज: उघड्या कोब्यातलं पाणी चांगल्या हवेत दिवसाला साधारण एक मिलिमीटर जाडी या हिशेबाने निघतं, म्हणजे 40 मिमीला चाळीसेक दिवस. तुमच्यावर तर दगडाचं झाकण आहे, पाणी फक्त सांध्यातून आणि दगडाच्या छिद्रांतून जाणार, त्यामुळे त्याहून जास्तच धरा. 19 व्या दिवशी कडा काळ्या दिसणं हे अपेक्षितच आहे. खिडक्या उघड्या ठेवा, पंखा लावा, वर गालिचा चटई काही टाकू नका.

तपासायचं असेल तर जाड प्लास्टिकचा दीड हात चौरस तुकडा सांध्याच्या चौकावर चारी बाजूंनी टेपने चिकटवा, दोन दिवस ठेवा. खाली दव दिसलं किंवा दगड अजून गडद झाला तर पाणी चालू आहे.

आणि सोमवारचं मशीन थांबवाच. ग्रॅनाइट पाणी टाकून घासतात, सांधे उघडे असताना ते सगळं पाणी आणि घासलेल्या पावडरचा गाळ सांध्यातून मालात जाणार. म्हणजे पाण्याने आलेला पट्टा घालवायला अजून पाणी.

पायवाट:
हे मला सुचलंच नव्हतं, पाणी आत जाण्याचं. मिस्त्रीला फोन करून सोमवार रद्द केला. तो जरा नाराज झाला पण ठीक. मग आता पोकळ फरशांचं कसं तपासू, सगळ्या पोकळ वाजणाऱ्या काढायला लावू का?

कोबा_आणि_काच:
मी मार्बलचं ग्रॅनाइटला लावलं, मान्य, माहिती नव्हतं. पण पेपर जॉइंटबद्दल माझं मत अजून तेच आहे, सांध्यात घाण साचते, दिसायला पण अखंड दिसत नाही. बऱ्याच चांगल्या कामांमधे पेपर जॉइंटच असतो.

रेघ_आणि_ओळंबा:
मार्बलमधे चालून जातो कारण तिथे नंतर सगळी जमीन जागेवर घासून एक पातळीत आणतात. ग्रॅनाइट पॉलिश होऊन आलेलं असतं, प्रत्येक फरशीची जाडी थोडी वेगळी, कापणीत पण अर्धा पाऊण मिलिमीटर इकडेतिकडे. चिकटून टाकलं की ती चूक पुढच्या फरशीवर, तिची तिच्या पुढच्यावर असं जमत जातं आणि शेवटच्या ओळीला रेघा जुळत नाहीत. 2 मिमी सांधा ठेवला की तो फरक सांध्यात विरतो.

दुसरं कारण ऊन. पायवाट यांच्याकडे काचेचं मोठं दार आहे म्हणाले. ग्रॅनाइट एका मीटरला एका अंशामागे साधारण 8 मायक्रॉन वाढतं. 6 मीटर लांबी, आणि ऊन पडून दगड 30 अंशांनी तापला तर 6 गुणिले 8 गुणिले 30, म्हणजे 1440 मायक्रॉन, दीड मिलिमीटरच्या जवळ. दिसायला कमी वाटतं पण दगडाला जागाच नसेल तर तो जोर कुठेतरी निघणार, कड टवके उडवेल नाहीतर फरशी मधेच तंबूसारखी उचलेल. म्हणून भिंतीपाशी पण 8-10 मिमी मोकळं ठेवायचं, स्कर्टिंगखाली झाकलं जातं ते. पायवाट, तुमच्या दाराच्या चौकटीपाशी फट आहे का बघा बरं, मला शंका आहे.

थापीवाला:
पोकळ फरशांचं असं करा. सगळ्या फरशा काढायला लावू नका, चांगल्या बसलेल्या पण हलतील. एक कागद घ्या, 30 चौकोन काढा. लाकडी मुठीने प्रत्येक फरशी नऊ ठिकाणी ठोका, चार कोपरे, चार कडांचे मध्य आणि एक पोट. जिथे ढबढब तिथे खूण. मग कागदाकडे बघा. नुसतं पोट वाजत असेल आणि कडा खणखणीत असतील तर बहुतेक वेळा काही होत नाही. कोपरा पोकळ असेल तर काळजी, कारण खुर्चीचा पाय कपाटाचा पाय कोपऱ्यावर आला की 18 मिमीचा दगड तिथेच मोडतो. आणि आख्खी फरशी वाजत असेल, किंवा कडेवर उभं राहून जोर दिला की सांध्यातून बारीक रेती हलताना दिसली तर ती काढायचीच.

खटक्यासाठी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी उंच फरशीवर ठेवा, दुसऱ्या बाजूला पट्टीखाली पत्त्याचे पान घाला एकेक. किती पानं जातात मोजा, मग तेवढ्या पानांची जाडी स्केलवर. चकचकीत दगडाला एक मिलिमीटरच्या आत असेल तर मी सोडून देतो.

पायवाट:
काल रात्री दोन तास बसून केलं, मुलगी ठोकत होती मी खुणा करत होतो. 30 पैकी 21 ठीक. 5 फरशांचं नुसतं पोट वाजतंय. 2 फरशांचा एकेक कोपरा. 2 आख्ख्या पोकळ, दोन्ही काचेच्या दाराला लागून, आणि खटका नेमका त्यांच्याच कडेला, दीड मिलिमीटर भरला. बाकी सगळीकडे अर्ध्याच्या आसपास. आणि रेघताई, दाराच्या खालच्या चौकटीपाशी फट नाहीये, दगड थेट चौकटीला टेकलाय, मिस्त्रीने सिमेंट पण भरून टाकलंय तिथे.

थापीवाला:
मग त्या दोन काढा. मशीनने खटका घासायचा नाही. एकच सांधा घासला तर तेवढाच भाग मॅट पडेल, मग तो बाकीच्याशी जुळवायला कमी करत करत आख्खा हॉल घासावा लागतो. दोन फरशा उचलणं त्याच्यापेक्षा सोपं. सांधा मोकळा आहे तोवर सहज निघतील, सांधा भरल्यावर काढायला गेलं की शेजारच्यांचे टवके उडतात. दाराकडचं सिमेंट आधी हळू छिन्नीने काढा.

काढल्यावर पाठीचा फोटो टाका. मला पाठ बघायचीये.

पायवाट:
आज काढल्या. मिस्त्री स्वतः आला, मी सगळं नीट समजावलं, त्याने शांतपणे काम केलं. फोटो टाकलाय. फरशी जवळजवळ हातानेच उचलली गेली, माल खालीच राहिला, पाठ एकदम स्वच्छ. पाठीवर पिवळट चिकट थर आणि त्यात जाळी दिसतेय. ही काय आहे?

थापीवाला:
हेच वाटलं होतं. ती फायबरची जाळी, रेझिनने चिकटवलेली. कच्चा, भेगाळ दगड वाहतुकीत फुटू नये म्हणून लावतात. सिमेंट दगडाच्या छिद्रांत धरतं, प्लास्टिकसारख्या रेझिनवर धरत नाही. म्हणून तुमची पाठ स्वच्छ निघाली. बाकीच्या फरशांना पण जाळी आहे का?

पायवाट:
उरलेले कापलेले तुकडे बघितले, काहींना आहे काहींना नाही. दुकानातून दोन वेगळ्या लॉटचा माल आला होता बहुतेक.

रेघ_आणि_ओळंबा:
जाळीवाली पाठ असेल तर माझ्या माहितीप्रमाणे दोन मार्ग. एक, ग्राइंडरने जाळी आणि रेझिन पूर्ण घासून काढायचं, दगडाचं अंग दिसेपर्यंत. दोन, जाळी तशीच ठेवून एपॉक्सी जातीच्या अ‍ॅडेसिव्हने चिकटवायचं, साधं सिमेंटवालं नाही. जाळी काढताना दगड मुळात भेगाळ असेल तर हातात तुटू शकतो हे लक्षात घ्या.

थापीवाला:
मी दुसरा मार्ग धरेन. आणि खालचा जुना माल पूर्ण काढू नका, तो आता घट्ट झालाय, वरचा दोन तीन मिलिमीटर खरवडून जागा करा, धूळ झाडा, पूर्ण कोरडं होऊ द्या, मग अ‍ॅडेसिव्ह खाचेरी पट्ट्याने. ढेपळं ठेवून चार कोपऱ्यांवर फरशी बसवायची नाही, मधे पोकळी राहते. आख्ख्या पाठीला लागलं पाहिजे. आणि दाराच्या चौकटीपाशी 8 मिमी सोडा, त्यात नंतर सिलिकॉन, ग्राउट नाही.

मधुमालती:
मला एक विचारायचं होतं, सांधा भरायला आम्ही पांढरं सिमेंट वापरलं होतं ते वर्षभरात तपकिरी झालं, ह्यांनी पण तेच करायचं का?

रेघ_आणि_ओळंबा:
पांढरं सिमेंट मळ धरतं आणि आक्रसून भेगा पडतात. 2 मिमी सांध्याला एपॉक्सी ग्राउट चांगलं, पण कोरड्या सांध्यातच. रंगाचं ग्राउट असेल तर आधी एका उरलेल्या तुकड्यावर लावून दोन दिवसांनी बघा, फिकट ग्रॅनाइट कडेने रंग पिऊ शकतं. आणि एपॉक्सी दगडाच्या तोंडावर राहिलं तर ताजं असतानाच पुसायचं, उद्या बघू म्हटलं की गेलं.

पायवाट:
अपडेट, 58 वा दिवस. दोन्ही फरशा परत बसवल्या, खटका आता एका पत्त्याच्या पानाएवढा पण नाही. काळे पट्टे बहुतेक सगळे गेले, आधी बोटभर होते मग सुतळीएवढे झाले मग नाहीसे. प्लास्टिकची टेस्ट दोनदा केली, दुसऱ्यांदा कोरडं. मागच्या आठवड्यात सांधे भरले. कोपरा पोकळ असलेल्या दोन फरशांना सांधा भरायच्या आधी सांध्यातून बारीक भोक पाडून पातळ एपॉक्सी सोडलं, एक खणखणीत झाली, दुसरी अजून थोडी वाजते.

आता पॉलिशचं. मिस्त्रीच म्हणाला की आता गरज नाही वाटत. पण दारापासून जिन्यापर्यंत कामाच्या वेळी माणसं वाळूच्या चपला घालून फिरली, तिथे तिरप्या उजेडात बारीक ओरखडे दिसतात.

थापीवाला:
तेवढ्यासाठी खालून सुरुवात नको. पाणी कमी घेऊन 800 चं पॅड, मग 1500, मग 3000, शेवटी बफ पॅडवर ग्रॅनाइटची पॉलिश पावडर. ओरखडे 800 ने गेले नाहीत तर 400 वर उतरायचं. एक नंबर मधेच सोडला तर जाड पॅडचा ओरखडा पुढचं पॅड काढू शकत नाही, तो शेवटी चमकेत दिसतो. प्रत्येक नंबरनंतर जमीन पुसून पूर्ण कोरडी करून तिरपा टॉर्च मारून बघा, ओल्या दगडावर सगळंच छान दिसतं. भिंतीच्या कडेला मोठं मशीन पोचत नाही, तिथे हातमशीनने तेच नंबर त्याच क्रमाने, नाहीतर भिंतीलगत वीतभर पट्टा मंद राहतो आणि संध्याकाळी दिवा लावला की तोच दिसतो. आधी कपाटाखाली येणाऱ्या एका फरशीवर करून बघा.

आणि काम झाल्यावर कोणी अ‍ॅसिडने धुवू म्हटलं तर हाकलून द्या. अ‍ॅसिड सांध्याखालच्या सिमेंटला खातं आणि दगडातल्या लोहाला बाहेर काढतं, महिन्याभरात पिवळे ठिपके.

पायवाट:
पिवळ्यावरून आठवलं काका, दाराजवळच्या तिसऱ्या फरशीवर एक रुपयाएवढा तपकिरी ठिपका आलाय, अ‍ॅसिड तर कुणी वापरलं नाही. पट्टे गेल्यावरच दिसायला लागला. आधी होता का माहीत नाही.

थापीवाला:
दगडातच लोहाचा कण असेल, इतके दिवस ओल मिळाली म्हणून गंजला. घासून जात नाही, तो आत खोल असतो. गंज काढायचा लेप मिळतो पण अ‍ॅसिड नसलेलाच घ्या. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा जातो, निम्म्या वेळा काही महिन्यांनी परत येतो.

रेघ_आणि_ओळंबा:
मी लेपाची घाई करणार नाही. आजच एक फोटो काढा, शेजारी स्केल ठेवून, आणि तीन महिन्यांनी तसाच दुसरा. वाढत असेल तर खाली अजून ओल आहे, आणि मग लेप लावूनही उपयोग नाही.

पायवाट:
फोटो काढला, 22 मिमी भरतोय. तीन महिन्यांनी इथेच टाकतो.